धंदा टिकाऊ आहे की नुसती लाट, हे ऑर्डरच्या यादीतून कसं ओळखायचं

2017 च्या मे महिन्यात फिजेट स्पिनर जिकडेतिकडे दिसत होते, आणि ज्यांनी तेव्हा विक्रीचा वर चढणारा आलेख बघून भरमसाट माल मागवला त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे माल पोचेपर्यंत मागणी ओसरली होती. आलेख खोटा नव्हता, पण वाढ कोणामुळे होतेय ते कोणी बघितलंच नाही.

तर पहिलं काम, थोडा माल विकून बघा आणि तीन महिन्यांच्या ऑर्डरी काढा. प्रत्येक ऑर्डरपुढे फक्त "नवीन" किंवा "जुना" लिहा, फोन नंबर जुळवून बघितला की गिऱ्हाईक आधी आलं होतं का ते कळतं.

मग आकडे मांडा. समजा एका धंद्यात ऑर्डरी 100, 200, 400 अशा झाल्या, भारीच ना? पण तिसऱ्या महिन्याच्या 400 मध्ये 380 नवीन आणि जुने फक्त 20, आणि तोवर आधी घेऊन गेलेले होते 290, म्हणजे शंभरातले सातच परत आले. दुसऱ्या धंद्यात 100, 120, 150, बघायला मरगळलेलं, पण शेवटच्या 150 मध्ये 80 जुने आहेत, 170 पैकी 80. आता नवीन येणारे अचानक 50 वर आले असं धरून बघा. पहिला धंदा 400 वरून शंभराच्याही खाली आपटतो, दुसरा शंभराच्या वरच राहतो. मी डोळे झाकून दुसरा घेईन.

आता एक अडचण, वस्तूच अशी असेल की माणूस वर्षानुवर्षं परत घेणारच नाही, जसं व्यायामाची सायकल, तर ही युक्ती चालत नाही. तिथे विचारायचं की आज घेणारा एरवी घेणार होताच, फक्त लवकर आला, असं तर नाही ना. घरी वापरायच्या अशा सायकली विकणाऱ्या पेलोटन या अमेरिकन कंपनीचं हेच झालं. लॉकडाऊनमध्ये घरी अडकलेल्यांनी सायकली घेतल्या, कंपनीने तीच मागणी कायमची धरली आणि 2022 च्या फेब्रुवारीत सुमारे 2800 लोकांना काढावं लागलं. गंमत म्हणजे सायकलीसोबतच्या ऑनलाइन व्यायामवर्गांची मासिक वर्गणी भरणारे बरेचसे टिकून होते, मशीनची नवीन विक्री मात्र आटली.

म्हणून अशा वस्तूसाठी दहा-बारा गिऱ्हाइकांना फोन करा आणि "आवडलं का" हे विचारूच नका, सगळे हो म्हणतात. "हे नव्हतं तेव्हा काय वापरायचात, आणि त्यावर किती खर्च व्हायचा?" असं विचारा. आधी काहीतरी जुगाड करून पैसे घालवत होते म्हणजे गरज जुनी आहे. "काही नाही, सगळे घेत होते म्हणून घेतलं" असं चार-पाच जण म्हणाले तर लाट समजा.

लाट असली तरी कमवायला हरकत नाही, फक्त महिन्याभरात संपेल इतकाच माल घ्या आणि जागेचा लांबचा करार करू नका.