वेग, अंतर, वेळ: पुस्तकातल्या उदाहरणाचा फोटो काढून गणित सोडवताना या चुका टाळा

गिरगावातल्या आमच्या क्लासची दहावीची मुलं संध्याकाळी अडलेल्या उदाहरणांचे फोटो पाठवतात. वर्गसमीकरणाचा धडा सुरू झाला की वेग-अंतर-वेळेची शाब्दिक उदाहरणं हमखास येतात. चुका बहुतेक त्याच त्या असतात, आणि प्रत्येक चूक उत्तरात आपली खूण ठेवते. ती खूण ओळखता आली, तर कुठे घसरलो ते मुलाला स्वतःच शोधता येतं.

उदाहरण असं घेऊ: "एक मोटार १८० किमी अंतर एकसमान वेगाने जाते. तिचा वेग ताशी १५ किमीने जास्त असता, तर तिला ३६ मिनिटे कमी लागली असती. मोटारीचा मूळ वेग काढा."

पहिली अडचण फोटोचीच. पुस्तकाच्या शिवणीजवळ पान वळतं, तिथला शब्द दबतो. शेवटची ओळ कापली गेली, तर मूळ वेग विचारलाय की वाढलेला, हेच कळत नाही. अंधूक प्रकाशात ३६ चे ३९ वाचले जातात. म्हणून समीकरण मांडण्याआधी उदाहरण वहीत हाताने उतरवून घ्या आणि प्रत्येक आकडा पुस्तकाशी ताडून पाहा. ३९ घेतले, तर पुढे x(x + १५) ची किंमत ४१५३.८४… अशी न संपणारी येते. शालेय पुस्तकातली उदाहरणं सहसा सुबक आकड्यांची असतात, तेव्हा असं काही दिसलं की आधी फोटो पुन्हा बघा.

आता मांडणी. "असता तर" म्हणजे तसं झालेलं नाही. खरी धाव कमी वेगाची आहे, म्हणून x हा मूळ वेग धरायचा. मूळ वेळ १८०/x तास, वाढलेल्या वेगाने लागणारी वेळ १८०/(x + १५) तास. वेग कमी तिथे वेळ जास्त, म्हणून पहिल्यातून दुसरी वजा करायची:

१८०/x − १८०/(x + १५) = ३६/६० = ३/५

वजाबाकी उलटी केली, तर x² + १५x + ४५०० = ० असं समीकरण मिळतं. त्याचा विवेचक २२५ − १८००० म्हणजे ऋण येतो, वास्तव मुळंच मिळत नाहीत. अशा वेळी "गणितच चुकीचं छापलंय" म्हणणारी मुलं बरीच असतात. पुस्तक बरोबर असतं, दोन पदांचा क्रम फिरलेला असतो.

सगळ्यात जास्त गुण जातात ते मिनिटांत. वेग ताशी दिलाय, म्हणून वेळ तासांतच हवी. उजवीकडे नुसते ३६ लिहिले, तर x साधारण ३.९६ येतो. ताशी चार किमी हा माणसाच्या चालण्याचा वेग, मोटारीचा नव्हे, त्यामुळे ही चूक लगेच पकडली जाते. खरी फसवी चूक वेगळीच आहे: ३६ मिनिटं म्हणजे ०.३६ तास असं लिहिणं. मग x सुमारे ७९.४ येतो आणि मोटारीला तो वेग शोभतोही, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. ती ताळा केल्यावरच उघडी पडते. ताशी ७९.४ किमीने सुमारे १३६ मिनिटं, ९४.४ ने सुमारे ११४. फरक जेमतेम २२ मिनिटांचा, आपल्याला हवा ३६ चा. ३६ मिनिटं म्हणजे ०.६ तास.

बरोबर मांडणी पुढे नेऊ. डावीकडे समान छेद घेतला की अंशात १८०(x + १५) − १८०x, म्हणजे २७०० उरतात:

२७०० / [x(x + १५)] = ३/५
x(x + १५) = ४५००
x² + १५x − ४५०० = ०

गुणाकार ४५०० आणि फरक १५ असणारे अवयव ७५ आणि ६०. म्हणून

(x + ७५)(x − ६०) = ०

x = ६० किंवा x = −७५. वेग ऋण नसतो, म्हणून −७५ सोडायचा. इथे काही मुलं उणे चिन्ह पुसून ७५ हेच उत्तर लिहितात. ७५ हा वाढलेला वेग आहे, म्हणून तो ओळखीचा वाटतो, पण विचारलाय मूळ वेग. शेवटी ताळा: १८०/६० = ३ तास, १८०/७५ = २.४ तास म्हणजे २ तास २४ मिनिटं, फरक ३६ मिनिटं. ताळा समीकरणात नव्हे, उदाहरणाच्या मूळ शब्दांत करा. समीकरणच चुकलं असेल, तर चुकीची किंमतही त्यात चपखल बसते.

उत्तर: मोटारीचा मूळ वेग ताशी ६० किमी.