दोन चाकांचा रोबोट उभा राहतो, पण पळत जाऊन भिंतीवर आदळतो? या चुका टाळा

दोन चाकी बॅलन्सिंग रोबोटबद्दल सल्ला विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांची तक्रार एकच असते: "उभा राहतो, पण तीन-चार सेकंदांत एका बाजूला पळत सुटतो आणि तोंडावर पडतो." त्यावर त्यांचा उपायही ठरलेला असतो. कोनाच्या पीआयडीतला Kp वाढवायचा, मग Ki वाढवायचा, आणि रोबोट थरथरायला लागला की सेन्सर खराब म्हणून नवा मागवायचा.

सेन्सर बहुतेक वेळा ठीकच असतो. एमपीयू-६०५० पाटीवर अगदी सरळ बसत नाही, बॅटरी जरा पुढे असते, त्यामुळे तुमच्या कोडमधला शून्य अंश आणि रोबोटचा खरा तोल यांत थोडा फरक राहतोच. हा फरक 1 अंशाचा धरा. तेवढा कलता कोन टिकवायला चाकांना सतत वेग वाढवत राहावं लागतं, सेकंदाला साधारण 0.17 मीटर प्रतिसेकंद या दराने. 65 मिमीचं चाक आणि 200 आरपीएमची गिअर मोटर असेल तर कमाल वेग 0.68 मीटर प्रतिसेकंद होतो. म्हणजे चार सेकंदांत मोटर संपली! आणखी वेग नाही म्हणजे तोल सावरायला ताकद नाही, आणि रोबोट पडतो. कोनाच्या लूपला यातलं काही दिसतच नाही, कारण त्याच्या दृष्टीने कोन शेवटपर्यंत बरोबर असतो. वेग पाहणारा दुसरा, बाहेरचा लूप लागतो तो इथे.

तो जोडताना होणारी चूक माझ्या विशेष रागातली आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची काही मुलं असाच रोबोट घेऊन आली होती. मोटरला एन्कोडर होते, वेग बरोबर मोजला जात होता. पण "पुढे पळतोय ना, मग मागे ओढा" म्हणून त्यांनी वेगाची चूक थेट पीडब्ल्यूएममधून वजा केली होती. गेन वाढवला की रोबोट आणखी लवकर पडायचा. प्रदर्शन जवळ आलेलं, त्यामुळे शेपटीला तिसरं चाक लावायची तयारीही झाली होती.

तळहातावर काठी उभी धरून चालून पाहा. पुढे चालता चालता थांबायचं असेल तर हात आधी क्षणभर आणखी पुढे न्यावा लागतो, म्हणजे काठी मागे कलते, आणि मगच वेग कमी करता येतो. रोबोटचंही तसंच. म्हणून बाहेरच्या लूपने मोटरला हात लावायचा नाही. त्याने फक्त "किती कलायचं" ते सांगायचं, आणि चाकं फिरवण्याचं काम आतल्या लूपवर सोडायचं. पुढचा कल, पुढचा वेग आणि पुढे ढकलणारा पीडब्ल्यूएम हे तिन्ही धन धरले, तर:

```
// दर 50 ms, v म्हणजे वेग, x म्हणजे v ची बेरीज
target = constrain(-(Kv*v + Kx*x), -6, 6);
// दर 5 ms
pwm = Kp*(angle - target) + Kd*gyroRate;
```

x मुळे तो 1 अंशाचा फरक आपोआप भरून निघतो. रोबोट पडला की x शून्य करा, नाहीतर उचलून ठेवताच तो उडी मारतो. 6 अंशांची मर्यादाही ठेवाच. मुलांनी वजाबाकी काढून ही मांडणी केली आणि त्याच मोटरवर, त्याच सेन्सरवर रोबोट जागेवर राहिला.

माझी सवय अशी की Kv आणि Kx शून्य ठेवूनच सुरुवात करायची. आधी Kp, मग थरथर थांबेपर्यंत Kd. बोटाने टिचकी मारल्यावर रोबोट न थरथरता सावरला पाहिजे. पळाला तर पळू दे. हे जमेपर्यंत बाहेरच्या लूपकडे बघायचंसुद्धा नाही. इंटरनेटवरून चारही आकडे एकदम उतरवणाऱ्यांना मी मदत करत नाही, कारण त्यांची मोटर, वजन आणि उंची वेगळी असते.

दुसऱ्याच्या कोडमधला, जायरो आणि ॲक्सेलेरोमीटर मिळून कोन काढणाऱ्या फिल्टरचा 0.98 हा आकडाही तसाच. 10 मिलिसेकंदांच्या लूपमध्ये त्याचा कालावधी जवळपास अर्धा सेकंद होतो, 5 मध्ये पाव. मग मोटरच्या धक्क्यांचा ॲक्सेलेरोमीटरवरचा परिणाम कोनात जास्त दिसतो. 5 मिलिसेकंदांना 0.99 घ्या.

सेन्सरचा अंतर्गत फिल्टर 5 हर्ट्झवर नेऊन आकडे गुळगुळीत करू नका. जायरोला त्यात 18.6 मिलिसेकंद उशीर होतो. 42 हर्ट्झवर तो 4.8 असतो, तेवढा चालतो.

Kd साठी कोनातला फरक काढत बसू नका, जायरो तेच मोजून देतो.

आणि ट्यूनिंग करताना Serial.print 9600 वर ठेवू नका. 25 अक्षरं जायला 26 मिलिसेकंद लागतात. युनोचा 64 बाइटचा बफर भरला की 5 मिलिसेकंदांचा लूप तिथेच अडकतो. मग केबल लावली की रोबोट पडतो, काढली की उभा राहतो, आणि लोक केबल बदलत बसतात.