डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर खूण करा

केसपेपरच्या फोटोवरून एआयकडून मजकूर टाइप करून घेतला की न लागलेला शब्दही तो बिनदिक्कत अंदाजाने भरतो. वाचताना चूक जाणवतच नाही.

१. रुग्णाचं नाव, नंबर झाका. कागद उजेडात सपाट ठेवून बरोबर वरून फोटो घ्या.

२. सूचना द्या: ‘आहे तसंच उतरव, दुरुस्त करू नको. शंका असेल तिथे दोन्ही वाचनं [??] खुणेत लिही.’ मग असं येतं: [?? हायड्रॉक्सिझिन / हायड्रॅलाझिन] २५. पहिलं खाजेचं औषध, दुसरं बीपीचं!

३. ?? शोधून तेवढ्या ओळी मूळ कागदासकट डॉक्टरांपुढे ठेवा.

डोसचे आकडे मात्र खूण नसली तरी सगळे दाखवा. ‘.५’ मधलं टिंब फोटोत उडालं, तर स्वच्छ ‘५’ दिसतो आणि खूण पडत नाही.