कुत्र्याच्या पिल्लाचे टीके: किती झाले ते नको, शेवटचा कधी झाला ते बघा

इंदूरात पिल्लू देणारा हटकून ऐकवतो, "दो टीके लग गए, अब टेंशन नहीं." कार्ड उघडून बघा. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही नसेल, तर तो डोस झालाच नाही असं धरा. आणि हे सगळं असलं तरी शेवटच्या टीक्याला पिल्लू किती आठवड्यांचं होतं, हे मोजा.

आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाला सांभाळते खरी, पण लसीलाही तीच निकामी करते. ती एखाद्या पिल्लात आठव्या आठवड्याला ओसरते, एखाद्यात चौदाव्यापर्यंत टिकते. वरून काही कळत नाही. म्हणून पार्वो-डिस्टेंपर या विषाणूंच्या आजारांवरची लस पुन्हा पुन्हा देतात. त्यातला एक तरी डोस लागू पडावा, एवढाच हेतू. तेव्हा शेवटचा डोस 16 आठवडे पूर्ण झाल्यावरच. "तीन झाले, पुरे" हा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका.

समजा पिल्लू 1 जूनचं आहे. पहिला डोस 13 जुलैला, मग 3 ऑगस्ट, 24 ऑगस्ट आणि शेवटचा 21 सप्टेंबरला. रेबीजची लस पिल्लू बारा आठवड्यांचं झाल्यावर, म्हणजे 24 ऑगस्टपासून पुढे. लेप्टो या जिवाणूंच्या आजारावरच्या लसीचे दोन डोस याच फेऱ्यांत बसतात. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. तोंड सुजलं किंवा उलट्या झाल्या तर डॉक्टर समोर हवेत. पिल्लाला ताप किंवा जुलाब असतील तर त्या दिवशी टीका नको.

शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे जाईपर्यंत कॉलनीच्या बगिच्यात खाली सोडू नका. कडेवर घेऊन खुशाल फिरवा. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जगतो. पिल्लू मलूल पडलं, उलट्या सुरू झाल्या आणि उग्र वासाची, रक्ताची शी झाली, तर दहीभात भरवत बसायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी. मात्रा वजनावर ठरते, वयावर नाही. पिल्लाला उचलून काट्यावर उभे राहा, मग आपलं वजन वजा करा. शीमध्ये शेवयांसारखे जंत दिसले तर घाबरू नका, औषध काम करतंय.

पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास सगळ्यांचे बूस्टर. पुढे रेबीज आणि लेप्टो दरवर्षी. पार्वो-डिस्टेंपरचं अंतर डॉक्टर लस बघून सांगतील. त्याच भेटीत वजन, दात, कान आणि हृदय तपासून घ्या. गोचिड्या झाल्या असतील तर रक्ताची तपासणी आपणहून मागा.