पेन्शन, व्याज, भाडे आणि फंडाचा नफा: निवृत्तांचे रिटर्न कुठे चुकते

निवृत्त माणसाच्या रिटर्नमध्ये चार प्रकारची उत्पन्ने असली, तरी अडायला होते ते एकाच ठिकाणी. पेन्शन, व्याज आणि भाडे तासाभरात भरून होते. शेअर किंवा इक्विटी म्युच्युअल फंड विकला असेल, आणि त्यातही तो २०१८ च्या आधी घेतलेला असेल, तर तिथे एक रकाना रिकामा राहतो आणि पन्नास हजारांचा कर उगाच भरला जातो. म्हणून बाकीचे थोडक्यात सांगतो आणि या रकान्यापाशी थांबतो.

उदाहरण आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचे. वय ६७, निवृत्त मुख्याध्यापिका. आकडे सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. वर्ष एप्रिल २०२५ ते मार्च २०२६.

आधी फॉर्म आणि वर्ष

फॉर्म आयटीआर-२. फंडाचा दीर्घकालीन नफा सव्वा लाखाच्या आत असता, तर आयटीआर-१ चालला असता. काकूंचा नफा त्याहून जास्त आहे.

वर्ष निवडताना Assessment Year 2026-27 घ्यायचे. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे आणि त्यात ‘टॅक्स इयर’ असा शब्द आहे. टॅक्स इयर २०२६-२७ म्हणजे एप्रिल २०२६ नंतरचे उत्पन्न. दोन्हीकडे आकडा २०२६-२७ हाच दिसतो, त्यामुळे विशेषतः चलन भरताना नीट वाचा. मार्च २०२६ ला संपलेल्या वर्षाचे रिटर्न जुन्याच कायद्याप्रमाणे जाते.

पेन्शन

स्वतःच्या नोकरीची पेन्शन पगाराच्या सदरात जाते. काकूंची वर्षाची पेन्शन ६,२४,०००. नव्या करपद्धतीत ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते, उरले ५,४९,०००. पती किंवा पत्नीच्या मागे मिळणारी कुटुंब निवृत्तिवेतनाची रक्कम मात्र इतर उत्पन्नात दाखवायची. तिला ही ७५,००० ची वजावट लागू होत नाही.

व्याज

सगळ्या बँकांच्या सगळ्या ठेवी आणि बचत खाते मिळून १,४८,०००. टीडीएस कापला नाही म्हणजे व्याज करमुक्त झाले, असे सांगणारे लोक अजून भेटतात. ते चुकीचे आहे. ज्येष्ठांना एका बँकेतल्या व्याजावर वर्षाला एक लाखापर्यंत टीडीएस कापला जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. आयकर पोर्टलवर एआयएस, म्हणजे तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांचा उतारा, उघडून एकेका बँकेचा आकडा जुळवा. ज्येष्ठांची ५०,००० ची व्याजाची वजावट फक्त जुन्या पद्धतीत मिळते.

भाडे

काकूंचा दुसरा फ्लॅट महिना १५,००० ने दिला आहे, म्हणजे वर्षाचे १,८०,०००. त्यातून त्याच वर्षात प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी १०,००० वजा केली, उरले १,७०,०००. त्यावर ३० टक्के सरसकट वजावट ५१,०००, करपात्र भाडे १,१९,०००. सोसायटीचा मेंटेनन्स, रंगकाम, प्लंबर यांतले काहीही वेगळे वजा होत नाही. त्यासाठीच तर ते ३० टक्के आहेत.

तिन्हींची बेरीज ८,१६,०००. इथपर्यंत कुणाला मदतीची गरज पडू नये.

आता फंडाचा नफा

काकूंनी २०१४ साली एका इक्विटी फंडाची ५,००० युनिट ४० रुपयांनी घेतली, म्हणजे २ लाख गुंतवले. १० डिसेंबर २०२५ ला ती १६० रुपयांनी विकली, हाती आले ८ लाख. त्यांच्या पुतण्याने हिशेब केला तो असा: आठातून दोन गेले, नफा सहा लाख. सगळेजण असाच करतात, मीही केला होता.

२०१८ च्या अर्थसंकल्पाआधी अशा दीर्घकालीन नफ्यावर कर नव्हता. कर आणताना सरकारने ठरवले की ३१ जानेवारी २०१८ पर्यंत झालेली वाढ करातून सोडायची. म्हणून त्या तारखेपर्यंत घेतलेल्या युनिटची खरेदी किंमत नव्याने ठरते. ३१ जानेवारी २०१८ ची किंमत आणि विक्रीची किंमत यांतली कमी असलेली आधी घ्या. मग ती आणि तुमची मूळ खरेदी किंमत यांतली जास्त असलेली घ्या. ती तुमची खरेदी किंमत. फंडासाठी त्या दिवशीची एनएव्ही बघायची, शेअरसाठी त्या दिवशी बाजारात लागलेला सर्वांत वरचा भाव.

काकूंच्या फंडाची त्या दिवशीची एनएव्ही ९० होती, म्हणजे ५,००० युनिटचे साडेचार लाख. विक्रीचे आठ लाख, त्यामुळे कमी ते साडेचार. मूळ खरेदी दोन लाख, त्यामुळे जास्त तेही साडेचार. नफा झाला ८ वजा साडेचार, म्हणजे ३,५०,०००.

यातले सव्वा लाख सोडून उरलेल्या २,२५,००० वर साडेबारा टक्के, म्हणजे २८,१२५. पुतण्याच्या हिशेबाने ४,७५,००० वर ५९,३७५ झाला असता. पण नुकसान एवढ्यावर थांबत नाही, आणि हे मला कुणी वेळेवर सांगितले नव्हते.

नव्या पद्धतीत ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ असे सगळीकडे ऐकू येते. ही खरे तर कलम ८७अ ची सूट आहे आणि तिच्या दोन अटी लोक विसरतात. एक, १२ लाख मोजताना फंडाचा नफाही धरला जातो, आणि तोही पूर्ण. सव्वा लाखाचा भाग करमुक्त उत्पन्न नाही, त्यावर फक्त दर शून्य आहे, त्यामुळे तोही मोजला जातो. दोन, सूट मिळाली तरी ती फंडाच्या नफ्यावरच्या कराला लागत नाही.

काकूंचे एकूण उत्पन्न ८,१६,००० अधिक ३,५०,०००, म्हणजे ११,६६,०००. बाराच्या आत. म्हणून पेन्शन-व्याज-भाड्यावरचा २१,६०० चा कर सुटला. फंडाचा २८,१२५ भरावाच लागला, चार टक्के उपकर धरून २९,२५०. पुतण्याच्या हिशेबाने एकूण उत्पन्न १४,१६,००० झाले असते, सूट पूर्ण गेली असती, आणि उपकरासह कर ८४,००० च्या वर गेला असता. एका रकान्याने जवळपास ५५,००० रुपयांचा फरक पडला.

तो रकाना

Schedule 112A मध्ये प्रत्येक फंडाची ओळ भरताना पहिलाच प्रश्न येतो, युनिट कधी घेतले? तिथे On or before 31st January 2018 निवडा. मग आयएसआयएन हा फंडाचा ओळख क्रमांक, युनिट, विक्रीचा दर आणि मूळ खरेदी किंमत भरा. त्यानंतर त्या तारखेच्या प्रति युनिट किमतीचा रकाना येतो. काकूंच्या ओळीत तिथे ९० जाते. हा रकाना रिकामा सोडला, तर संगणक तक्रार करत नाही, शांतपणे मूळ दोन लाख धरून पुढे जातो. मी वडिलांचे २०१९ सालचे रिटर्न भरले तेव्हा हेच केले. कर जास्त येतोय असे वाटले, पण कायदाच तसा असेल म्हणून भरला. दोन महिन्यांनी चूक कळली, सुधारित रिटर्न भरले आणि पैसे परत आले. आता मी ओळ भरली की ग्राह्य खरेदी किमतीचा रकाना बघितल्याशिवाय पुढे जात नाही. काकूंच्या ओळीत तिथे ४,५०,००० दिसले पाहिजेत. २,००,००० दिसले, तर मागे जा.

आकडे एआयएसमधून उचलू नका. मी पाहिलेल्या एआयएसमध्ये विक्रीची रक्कम बरोबर असते, खरेदीच्या जागी मात्र कित्येकदा शून्य किंवा काहीच नसते. कॅम्स आणि केफिनटेक या दोन रजिस्ट्रारकडून ईमेलवर भांडवली नफ्याचे स्टेटमेंट मोफत मिळते आणि त्यात ३१ जानेवारी २०१८ ची किंमत छापलेली असते. ते मागवा.

तीन ठिकाणी ही सवलत मिळत नाही आणि लोक तिथे हट्टाने लावतात. एसआयपीतली २०१८ नंतरची युनिटे वेगळी मोजायची. युनिटे घेतली त्याच क्रमाने विकली गेली असे धरतात, म्हणून जुनी आधी जातात. लाभांश पुन्हा गुंतवून मिळालेल्या युनिटांची तारीख ती मिळाली तीच. आणि २०१८ नंतर कुणाच्या सांगण्यावरून रेग्युलर प्लॅनमधून डायरेक्टमध्ये बदली केली असेल, तर ती बदली हीच विक्री ठरली. तुमची खरेदी त्या दिवसापासून नव्याने सुरू झाली.

नफ्याच्या पानाच्या शेवटी एक तक्ता येतो, कोणत्या तिमाहीत किती नफा झाला त्याचा. तो हाताने भरावा लागतो. काकूंची विक्री १० डिसेंबरची, त्यामुळे १६ सप्टेंबर ते १५ डिसेंबरच्या चौकटीत ३,५०,०००. इथली बेरीज जुळली नाही, तर रिटर्न पुढे सरकत नाही.

ज्यांनी अजून विकलेले नाही त्यांनी अर्धे मार्चमध्ये आणि अर्धे एप्रिलमध्ये विकावे. काकूंनी तसे केले असते, तर सव्वा लाखाची मोकळीक दोनदा मिळून फंडाचा कर उपकरासह १३,००० च्या आसपास राहिला असता.

कर भरणे आणि पाठवणे

व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना आगाऊ कर भरावा लागत नाही. म्हणून रिटर्न भरतानाच Self Assessment Tax म्हणून २९,२५० भरा आणि चलनाचा तपशील रिटर्नमध्ये आला का ते बघा. ३१ जुलै उलटली, तर थकलेल्या करावर महिन्याला एक टक्का व्याज लागते.

जुनी की नवी पद्धत याचा हिशेब पोर्टल करून दाखवते. काकूंना जुन्या पद्धतीत व्याजाची ५०,००० आणि आरोग्य विम्याची ४०,००० अशी वजावट घेऊनही पेन्शन-व्याज-भाड्यावर ६०,२०० कर येत होता, नव्यात शून्य. जुनी हवी असेल, तर ३१ जुलैच्या आतच निवडावी लागते.

पाठवल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी करा, नाहीतर रिटर्न वेळेत भरलेच नाही असे धरले जाते. काकूंच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला होता, म्हणून शेवटी त्यांच्या बँकेच्या नेटबँकिंगमधून केली.