रंगाऱ्याचा खांदा: सोनोग्राफीतला काळा डाग फाट कधी समजावा

रेडिओलॉजीत नव्याने रुजू झालेल्यांसाठी एक नेहमीची केस घेऊ. बावन्न वर्षांचे रंगारी, कामाचा हात उजवा. छताला रोलर मारताना खांदा दुखतो आणि रात्री त्या कुशीवर वळलं की जाग येते. प्रोब उचलण्याआधी त्यांचं कोपर अंगाशी धरून हात तुम्ही बाहेर वळवून बघा. तुम्ही वळवूनही वळत नसेल तर आधी फ्रोझन शोल्डरचा विचार करा. रात्रीचं दुखणं त्यातही असंच असतं.

हात नीट वळतोय? मग त्यांना स्टुलावर बसवा आणि लिनियर प्रोबने बायसेप्सचा टेंडन आधी शोधा. पुढची जागा त्याच्यापासूनच मोजायची असते. नंतर तळहात पँटच्या मागच्या खिशावर ठेवायला सांगा, कोपर मागे. त्यामुळे ॲक्रोमियनच्या आड असलेला सुप्रास्पायनेटस पुढे येतो.

नवख्यांची फसगत इथेच होते. हा टेंडन हाडाला चिकटताना खाली वळतो. तिथे बीम तिरका पडला की धड तंतूही काळे दिसतात. प्रोबचं एक टोक हलकेच दाबून बीम तंतूंना काटकोनात आणा. डाग उजळला तर ती निव्वळ ॲनिसोट्रॉपी. काळाच राहिला तर प्रोब ९० अंशांत फिरवून पुन्हा बघा. दोन्ही दिशांनी दिसत नाही तोवर फाट म्हणू नका. सोबतचे पुरावेही शोधा: टेंडनची वरची फुगीर कड आत बसलेली असते, खालचं हाड खडबडीत असतं, कूर्चेवर ठळक पांढरी रेघ उमटते. झिजेतून झालेली फाट बऱ्याचदा बायसेप्सच्या साधारण १५ मिमी मागे सापडते, म्हणून पुढचा भाग बघून थांबू नका.

आपल्या केसमध्ये फाट पूर्ण जाडीची आहे, रुंदी १४ मिमी, टोक १८ मिमी मागे सरकलेलं. म्हणजे मध्यम आकाराची. मग एमआरआय कशाला? स्नायूत चरबी किती शिरली आहे, हे त्यावर जास्त खात्रीने कळतं. सॅजिटल टी-१ मध्ये स्कॅप्युला वाय आकाराचा दिसतो ती स्लाइस घ्या. चरबी स्नायूपेक्षा कमी असेल तर गुटालिए ग्रेड २, बरोबरीला आली तर ३, जास्त झाली तर ४. ग्रेड तीन किंवा त्याहून जास्त असेल तर शिवलेला टेंडन टिकण्याची शक्यता घटते, म्हणून सर्जन हा आकडा आधी वाचतात. मात्र टेंडन खूप आखडला असेल तर स्नायूही आत ओढला जातो आणि त्या स्लाइसमध्ये आहे त्याहून बारीक वाटतो. अशा वेळी आणखी आतल्या स्लाइस बघितल्याच पाहिजेत.

रिपोर्टमध्ये जाडी, दोन्ही मापं, चरबीची ग्रेड, बायसेप्सची अवस्था आणि बर्सातलं पाणी लिहा. 'रात्रीच्या दुखण्याचं कारण हीच फाट' असं मात्र लिहू नका. या वयात काहीही न दुखणाऱ्या खांद्यातही फाटी सापडतात. दुखण्याशी तिचा संबंध जोडायचा तो रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी.