व्हिडिओत चेहरा बदलताना तोंड का थरथरतं? या चुका टाळा

रावेरकडच्या केळीच्या बागेत आम्ही अहिराणी लघुपटाचा एक प्रसंग शूट केला. मुख्य नटाचा गुडघा दुखावला होता, म्हणून त्याच्या जागी चुलतभाऊ उभा राहिला आणि दोघांच्या लेखी संमतीने नंतर एआय मॉडेलने त्याच्या चेहऱ्यावर नटाचा चेहरा बसवायचं ठरलं. शॉट 12 सेकंदांचा, म्हणजे 25 च्या हिशेबाने 300 फ्रेम. कुठलीही एक फ्रेम थांबवून पाहिली तर काम सुबक दिसायचं. क्लिप चालवली की नट स्वतःच म्हणाला, "भो, तोंड हाली ऱ्हायनं!"

अशा वेळी बहुतेक जण मॉडेल बदलत बसतात. आम्हीही दोन रात्री तेच केलं. पण दोष बहुतेकदा चेहरा बनवणाऱ्या मॉडेलच्या आधीच्या किंवा नंतरच्या पायरीत असतो. तो शोधण्यासाठी सगळं बंद करून एकेक पायरी चालू करावी. आधी चेहरा बदलूच नका. फक्त डोळे, नाक आणि ओठांच्या कोपऱ्यांवर सापडलेले पाच बिंदू मूळ व्हिडिओवर रंगवून पाहा. माणूस स्थिर उभा असतानाही ते बिंदू नाचत असतील, तर रोग तिथेच आहे.

असं होण्याचं कारण साधं आहे. चेहरा शोधणारा प्रोग्राम प्रत्येक फ्रेम नव्याने पाहतो, मागच्या फ्रेममध्ये काय सापडलं होतं ते त्याच्या गावीही नसतं. बिंदू एखाद-दोन पिक्सेल सरकले की त्यावरून कापलेला चौकोन किंचित फिरतो, आणि बसवलेला नवा चेहराही त्याच्यासोबत फिरतो. उपाय म्हणजे आधी संपूर्ण शॉटचे बिंदू साठवायचे, ते गुळगुळीत करायचे आणि मगच चेहरा बसवायचा:

```python
from scipy.signal import savgol_filter
pts = savgol_filter(pts, 7, 2, axis=0)
```

इथे `pts` मध्ये ओळीने सगळ्या फ्रेमचे बिंदू आहेत आणि 7 म्हणजे मागच्यापुढच्या मिळून सात फ्रेम. फक्त मागच्या फ्रेमची सरासरी घेण्याची चूक करू नका. आमचा गडी बैलगाडीकडे झटकन मान वळवतो, तिथे तशा सरासरीने नवा चेहरा मागे रेंगाळला आणि कानाजवळ जुना गाल डोकावला. आकडा 15 च्या पुढे नेला तरी जलद हालचालीत चेहरा घसरतो. शिवाय हे काम प्रत्येक शॉटसाठी वेगळं करायचं, कटच्या पलीकडचे बिंदू एकत्र आले की कटजवळच्या फ्रेम बिघडतात.

बिंदू स्थिर झाले, तरी दाढी आणि भुवया खदखदतच होत्या. हा दोष चेहरा धारदार करणाऱ्या पायरीचा. चेहरा बदलणाऱ्या `inswapper_128` या मॉडेलमधून चेहरा 128 बाय 128 पिक्सेलचा निघतो. आमच्या शॉटमध्ये तो सुमारे 500 पिक्सेल रुंद होता, म्हणजे जवळपास चौपट ताणलेला. मधला तपशील जीएफपीगॅन किंवा कोडफॉर्मरसारखं साधन अंदाजाने भरतं, आणि तेही प्रत्येक फ्रेमला नव्याने. या फ्रेमचा दाढीचा केस पुढच्या फ्रेममध्ये दुसरीकडे उगवतो. आम्ही त्याचा परिणाम 40 टक्क्यांवर आणला आणि वरून मूळ चित्राइतकाच दाणेदारपणा मिसळला. चेहरा थोडा मऊ झाला, पण प्रेक्षकाला मऊपणा खटकत नाही, खदखद खटकते. माझं मत विचाराल तर चेहरा पडद्यावर फार मोठा दिसेल असा शॉट अशा कामासाठी घेऊच नये.

ओळख टिकवण्यातली नेहमीची चूक म्हणजे शॉटच्या मध्येच मूळ फोटो बदलणे. समोरून एक, बाजूने दुसरा फोटो दिला की मान वळताच माणूस बदलल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा एकाच नटाचे पाच-सहा स्वच्छ फोटो घ्या, आर्कफेससारख्या मॉडेलमधून प्रत्येकाची 512 आकड्यांची ओळख काढा, त्यांची सरासरी करा आणि तीच शॉटभर वापरा. मग तयार चेहऱ्याची त्या ओळखीशी जुळणी फ्रेमगणिक मोजून आलेख काढा. पूर्ण बाजूने चेहरा असताना जुळणी तशीही घसरते, त्यामुळे एकच मर्यादा ठरवू नका. शेजारच्या फ्रेमच्या मानाने एकदम खड्डा दिसला, तर तिथे जाऊन पाहा.

आमचा खड्डा रुमालापाशी निघाला. गडी घाम पुसतो तिथे 9 फ्रेम चेहरा सापडलाच नव्हता, आणि मधूनच सापडला की नवं नाक रुमालावर उमटायचं. दोन-तीन फ्रेमची फट असेल तर आधीच्या आणि नंतरच्या बिंदूंवरून मधले बिंदू काढता येतात. नऊ फ्रेमला ते जमलं नाही, कारण रुमालाखाली मान कुठे वळली ते बिंदूंना माहीत नव्हतं. शेवटी नवा चेहरा रुमालावर उमटू नये म्हणून रुमालाचा भाग हाताने आखून वगळला, त्या नऊ फ्रेममध्ये बदल पूर्ण बंद ठेवला आणि दोन्ही टोकांना तीन-तीन फ्रेममध्ये तो हळूहळू उतरवला-चढवला. तोंड बहुतेक झाकलेलंच असल्याने चुलतभाऊ दिसतो तो फक्त कपाळाच्या पट्टीत.